गादीची मराठी ओळ

लोअर परळच्या त्या जाहिरात कंपनीत भाषा विभाग म्हणजे चहाच्या मशीनशेजारचं एक टेबल. त्यावर यशोधरा बोरकर बसायची. पूर्वी तिथे एक गुजराती गृहस्थ आणि एक बंगाली मुलगीही असायची. गृहस्थ निवृत्त झाले, मुलगी घरून काम करू लागली, आणि उरली यशोधरा. येणारा-जाणारा कपात चहा भरता भरता तिला विचारायचा, "यशोताई, हे जरा मराठीत करून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे." जाहिरातीची इंग्रजी ओळ रचायला तिथल्या रॉनी डिकॉस्टाला दीड महिना आणि गोव्याची एक फेरी लागायची. मराठी करायला दोन मिनिटं. हा हिशेब त्या इमारतीत सर्वांना मान्य होता.

यशोधरेला तो मान्य नव्हता, आणि ती ते लपवतही नसे. बाई तिखट. समोरचा 'ट्रान्सलेट' म्हणाला की ती चष्मा काढून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "ट्रान्सलेट करायला कोर्टात माणसं आहेत. मी ओळ लिहिते." विनोद परभाषेत नेताना शब्द न्यायचे नसतात, हसू न्यायचं असतं, हे तिचं ठरलेलं भाषण. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात ते ऐकावं लागे. जुने लोक ते सुरू झालं की चहा घेऊन सटकायचे.

पण इतकी वर्षं लिहूनही तिची एकही ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिलेली नव्हती. जे फलकावर चढलं ते सगळं कुणाच्या तरी इंग्रजीची सावली. मराठीतच सुचलेली, मराठीतच हसवणारी एक तरी ओळ रस्त्यावर लागलेली बघायची आणि मग हे टेबल सोडायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. नवऱ्यालाही सांगून टाकलं होतं. वसंतराव म्हणाले होते, "टेबल सोडलंस तर मला दुपारी झोपू देशील ना?"

त्यात आली गादी. गुडगावची 'स्लंबेरो' कंपनी महाराष्ट्रात उतरणार होती. इंग्रजी ओळ रॉनीची, 'स्लीप ऑन इट'. घाई करू नका, रात्रभर विचार करा, असं घरातली शहाणी माणसं इंग्रजीत याच शब्दांत सांगतात. वर गादीवर झोपण्याचा अर्थ आपोआप येतो. ओळ चांगली होती, हे यशोधरेनेही मान्य केलं. रॉनीच्या तोंडावर नाही, पण केलं.

तानिया सेठी ही कंपनी आणि ग्राहक यांच्यामधली पोरगी. शिवाजी पार्कात वाढलेली पंजाबी, मराठी फर्डी. तिने ओळ आणून टेबलावर ठेवली.

"ताई, क्लायंटने इंटरनेटवर टाकून बघितलंय. 'त्यावर झोपा' असं आलं. त्यांना आवडलंय."

"त्यावर झोपा?" यशोधरा किंचाळली. "अगं, हे तर दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो. त्यावर झोपा, शर्ट वर करा, मोठा श्वास घ्या!"

"मला कळतंय हो. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते. चार दिवस दे."

"दोन मिनिटांचं काम—"

"तानिया, चहा सांडेल माझ्या हातून."

ती कामाला बसली म्हणजे काय करायची? आधी इंग्रजी ओळ काय सांगते ते बाजूला ठेवायची आणि ती ओळ काय *करते* ते बघायची. ही ओळ रोजच्या वापरातलं एक बोलणं उचलते, आणि त्यात गादी दडलेली होती हे ऐकणाऱ्याला एकदम दिसतं. तो ओळखतो, हसतो, आणि विकणाऱ्यावर थोडा विश्वास ठेवतो. मग मराठीतलंही असं एक बोलणं हवं, जे आपण न विचार करता बोलतो आणि ज्यात झोप, अंथरूण, अंग, पाठ असं काहीतरी आधीपासून बसलेलं आहे. विचार करण्याबद्दल ते नसलं तरी बिघडत नाही.

'पाठ टेका' लिहून खोडलं. त्यात नुसतीच पाठ होती. 'अंग टाका' लिहिलं, ते आजारपणाकडे गेलं. 'डोळा लागेल' लिहिलं आणि स्वतःच म्हणाली, लागेल की, शेजारणीचा.

सापडलं ते मुलुंडच्या भाजी मंडईबाहेर. कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक लागला होता. वर साहेब गॉगल लावून, खाली कार्यकर्त्यांचे पासपोर्टच्या आकाराचे चेहरे, आणि मधोमध 'साहेब, आम्ही तुमच्या पाठीशी!' यशोधरा मेथीची जुडी हातात धरून तिथेच उभी राहिली. पाठीशी! आधार देणारा माणूस पाठीशी असतो. गादीही, दुसरीकडे कुठे असणार? 'कायम तुमच्या पाठीशी.' भाजीवाली म्हणाली, "बाई, घ्यायची तर घ्या, दांडे कशाला पिळताय?" यशोधरेने दोन जुड्या घेतल्या. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

आता या धंद्यातली एक रीत. ग्राहकाला मराठी येत नसलं तरी मराठी ओळ मंजूर त्यानेच करायची असते. म्हणून पडद्यावर डावीकडे मराठी ओळ दाखवतात आणि उजवीकडे तिचा इंग्रजीत उलटा अनुवाद. तोही मराठी लेखकानेच लिहायचा. डावीकडे बघतं कोण? सगळा निकाल उजवीकडे लागतो. यशोधरा ही उजवी बाजू डोळ्यांत तेल घालून लिहायची. मूळ ओळीत जे आहे ते, तेवढंच, शब्दाला शब्द. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी फसवलं.

स्लंबेरोचे विक्रांत सूद गुडगावहून पडद्यावर आले. तानियाने पान लावलं. डावीकडे 'कायम तुमच्या पाठीशी'. उजवीकडे यशोधरेने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'ऑलवेज निअर युअर बॅक'.

सूदांनी उजवी बाजू वाचली. "नेहमी तुमच्या पाठीजवळ," ते हळूच म्हणाले. "यशोधराजी, ही गादी माणसाच्या मागे लागलीय का?"

"अहो, मराठीत त्याचा अर्थ..."

"आमच्याकडे एक कुलकर्णी आहेत, अकाउंट्समध्ये. ग्वाल्हेरचे. मराठी आहेत. कुलकर्णी, जरा बघा हो."

कुलकर्णींचं अर्धं कपाळ पडद्यात आलं. "पाठीशी म्हणजे सर... पाठीच्या मागे. पण अनुवाद चुकलाय. मूळ ओळीत झोप आहे, यात नाही."

"बरोबर," सूद म्हणाले. "'त्यावर झोपा' मध्ये झोप आहे. उद्या दुपारपर्यंत दुसरं काही आलं नाही तर तेच छापायला देऊ."

पडदा काळा झाला. यशोधरेच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ग्वाल्हेर, गुडगाव, गादी, कुणालाही तिने सोडलं नाही. "शब्दाला शब्द लावणारी जमात! यांना वाक्य देऊ नका, शब्दकोश द्या!"

तानिया ऐकून घेत होती. मग तिचाही तोल गेला.

"ताई, राग नका मानू. पण शब्दाला शब्द कोणी लावला?"

"म्हणजे?"

"आम्हाला तुम्ही भाषण देता, शब्द नेऊ नका, हसू न्या. आणि उजवीकडे तुम्ही काय नेलंत? पाठ नेलीत. हसू डावीकडेच राहिलं. सूदसाहेबांना तुमची ओळ दिसलीच नाही. दिसली ती तुमची उजवी बाजू, आणि ती खरंच भिकार होती."

यशोधरेला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ती मशीनपाशी गेली आणि कप न ठेवताच बटण दाबलं.

तिला ती पंख्याची जाहिरात आठवली. छताच्या पंख्यासाठी तिने लिहिलं होतं, 'डोकं थंड ठेवा'. तिची लाडकी ओळ. उजवीकडे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कीप युअर हेड कोल्ड'. ग्राहक म्हणाला होता, लोकांना सर्दी होईल. त्या ग्राहकाला तिने वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. अशा आणखी किती ओळी गेल्या असतील? एकेक तिनेच मारली होती, आणि वर प्रामाणिकपणाचा तोरा मिरवला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की सांडलेला चहा पुसायचंही सुचेना.

दुसऱ्या दिवशी तेच पान, तीच मराठी ओळ. फक्त उजवीकडे तिने तीच रीत लावली जी डावीकडे लावायची. इंग्रजी माणूस आधार देताना काय बोलतो, ज्यात पाठ आधीपासून बसलेली आहे? 'वुई हॅव गॉट युअर बॅक.' लिहिताना हात थोडा अडला. ही फसवणूक नाही ना? मग तिच्या लक्षात आलं की इतके दिवस लिहीत होती तेच खोटं होतं.

सूदांनी पान पाहिलं आणि ते खुर्चीत सरळ झाले.

"अरे वा! वा! ही तर मूळ इंग्रजीपेक्षा भारी आहे. रॉनी, तुला नाही वाटत?"

या वेळी मुद्दाम येऊन बसलेल्या रॉनी डिकॉस्टाने दाढी कुरवाळली. "मी याच दिशेने विचार करत होतो," तो म्हणाला. "'स्लीप ऑन इट' ही खरं तर याच्याकडे जाणारी पायरी होती."

तानियाने टेबलाखाली यशोधरेचा हात घट्ट दाबला. मंजूर! यशोधरेच्या डोळ्यांत पाणी आलं. आता फलक लागला की टेबल सोडायला ती मोकळी होणार होती.

आठवड्याने कंपनीभर मेल आली. स्लंबेरोची देशभरातली मुख्य ओळ बदलली आहे. नवी इंग्रजी ओळ 'वुई हॅव गॉट युअर बॅक', संकल्पना रॉनी डिकॉस्टा. सर्व भाषांनी तिच्यावरून अनुवाद करावेत. खाली वेगळी सूचना होती, मराठीने या वेळी कृपया इंग्रजीच्या जवळ राहावं.

"मी बोलते त्यांच्याशी," तानिया लालबुंद होऊन म्हणाली.

"काय बोलशील? भांडलीस तर ओळच रद्द होईल. गप्प बस."

यशोधरेने 'कायम तुमच्या पाठीशी' पुन्हा पाठवली. या वेळी 'अनुवाद' या रकान्यात. संध्याकाळपर्यंत गुडगावहून उत्तर आलं. कुलकर्णींनी तपासलं आहे, अनुवाद अचूक आहे, शब्दाला शब्द जुळतो, अभिनंदन.

फलक लागला मुलुंडच्या चेकनाक्यावर, भला मोठा. अर्ध्या भागात इंग्रजी, अर्ध्या भागात मराठी. रविवारी वसंतरावांना घेऊन ती रिक्षाने मुद्दाम तिथे गेली. वसंतरावांनी मान वर करून आधी इंग्रजी वाचलं, मग मराठी, आणि त्यांचा चेहरा खुलला. बायकोचं त्यांना मनापासून कौतुक होतं.

"जमलंय हं यशू! इंग्रजीवरून किती बेमालूम आणलंस. वाटतच नाही अनुवाद केलाय म्हणून."

"अहो, मराठी आधी आहे. इंग्रजी तिच्यावरून केलंय. मीच केलंय."

वसंतराव गोंधळले. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "मग त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की," यशोधरा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "मराठीत होती तोवर माझी होती. इंग्रजीत सांगितली, आणि त्यांची झाली."