वामनरावांचा कागद

सुलभाताईंनी चौतीस वर्षं सरकारी नर्सची नोकरी केली. आधी खकनारकडच्या आरोग्य केंद्रांत, डोईफोडिया, तुकईथड या गावांमध्ये बाळंतपणं करत. शेवटची आठ वर्षं बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात, गंभीर रुग्णांच्या वॉर्डात. बोलणं मोजकं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्या यायच्या, बीपी मोजून द्यायच्या आणि चहा न घेता निघून जायच्या. मी मंडळाचा सेक्रेटरी, शालिग्राम. त्यांच्या घरापासून माझं घर चौथं.

त्यांचे यजमान वामनराव तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात होते. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होत गेली. तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांना अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. त्यातून ते घरी आले, पण आधीसारखे झाले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "शालिग्रामभाऊ, घशात नळी होती, मला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं. परत तिथं नाही जायचं मला."

सुलभाताईंना नियम माहीत होता. न्यायालयानं आता हे मान्य केलं आहे, की शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो: पुढे मला काही ठरवता आलं नाही आणि बरं होण्याची आशाच उरली नाही, तर कोणते उपचार नकोत. वामनरावांनी तसं लिहवून घेतलं. व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको. वेदना कमी करायची औषधं मात्र द्यावीत. आपल्या वतीनं बोलायला दोन नावं दिली, सुलभाताईंचं आणि मुलाचं, प्रकाशचं. साक्षीदार मी आणि शेजारचे सुकलाल. नोटरीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. वामनराव तीनदा थांबून वर चढले. नोटरीनं विचारलं, "कोणाचा दबाव तर नाही ना?" ते म्हणाले, "दबाव फक्त या जिन्याचा आहे." एक प्रत नगर निगमात दिली, एक घरच्या डॉक्टरांकडे. घरी येताना प्रकाश मला म्हणाला, "काका, बाबांना बरं वाटलं. मलापण."

मागच्या फेब्रुवारीत सुलभाताई बहिणीकडे चांदनीला गेल्या होत्या. सकाळी वामनराव न्हाणीघरात कोसळले. घरात एकटा प्रकाश. त्यानं गाडीत घातलं आणि जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. वाटेत हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, नळी घातली, मशीन लावलं. प्रकाशच्या जागी कोणीही हेच केलं असतं. सुलभाताई पुढच्या गाडीनं परत आल्या. त्यांनी आधी वामनरावांच्या डोळ्यांवर टॉर्च धरून पाहिला, जसा आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर धरला होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, की मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नाही. ते आता शुद्धीवर येणार नाहीत. सुलभाताईंनी पिशवीतून कागद काढला.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "माँजी, मी एकट्यानं काही करू शकत नाही." आधी कागद खरा आहे का ते निगमातल्या प्रतीशी ताडून पाहायचं. मग दवाखान्याच्या तीन डॉक्टरांचं मंडळ तपासणार. त्यांचं मत पडलं की तीन वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यात एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. ज्यांची नावं कागदात आहेत त्यांची संमती. आणि मशीन काढण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवणं.

पहिलं मंडळ दुसऱ्याच दिवशी बसलं. तिघांचं एकच मत झालं. सुलभाताईंनी संमतीच्या कागदावर सही केली आणि पेन प्रकाशपुढे धरलं. त्यानं घेतलं नाही.

"आई, इंदूरला घेऊन जाऊ ना. तिथं मोठे डॉक्टर आहेत."

"तिथंही हेच मशीन आहे."

"तू नर्स आहेस म्हणून तुला सोपं जातंय."

हे मी बाहेरच्या बाकावरून ऐकलं. सुलभाताई उठून नळाकडे गेल्या, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि परत येऊन त्याच जागी बसल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी प्रकाशला एकदाही सही कर म्हटलं नाही. मी समजावू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नको, भाऊ. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या."

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत प्रकाश आत होता, तेव्हा नर्स नळीतला कफ ओढायला आली. वामनरावांचं सगळं शरीर ताठ झालं, चेहरा लाल झाला. मग पुन्हा सैल. प्रकाश बाहेर आला.

"हे दिवसातून किती वेळा करतात?"

"लागेल तितक्या वेळा."

"तूपण करायचीस?"

"हो."

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. मग त्यानं विचारलं, "आई, तुला खात्री आहे?"

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "मला नाही खात्री. त्यांना होती."

त्या दुपारी प्रकाशनं सही केली. दुसऱ्या मंडळानंही तपासून तेच मत दिलं, मॅजिस्ट्रेटना पत्र गेलं. दोन दिवसांनी सकाळी मशीन काढलं. त्रास होऊ नये म्हणून औषध आधीच दिलं होतं. वामनराव त्यानंतर चाळीस मिनिटं स्वतःचा श्वास घेत होते. सुलभाताईंचा हात त्यांच्या छातीवर होता आणि पायांशी प्रकाश उभा होता.

दीड महिन्यानं त्या माझ्याकडे आल्या. "आपल्या ज्येष्ठ मंडळाच्या सभेत या विषयावर मी बोलते," म्हणाल्या. मी नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

सभेला साठेक लोक होते. पहिली दहा मिनिटं त्यांनी शिकवल्यासारखं सांगितलं: कागद कसा करायचा, दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, प्रत कुठं द्यायची. मत बदललं तर लेखी देऊन कधीही रद्द करता येतो. आणि शुद्धीत असलेला माणूस डॉक्टरांना स्वतःच नको म्हणू शकतो, त्याला कागद लागत नाही. मग त्या घरचं बोलल्या.

"मी यांना सांगितलं होतं, की कागद केला की घरच्यांवर ओझं राहत नाही. ते मी चुकीचं सांगितलं. ओझं राहतं. माझ्यावर आहे. माझ्या मुलावर तर जास्तच आहे, कारण ज्याचं नाव लिहितो त्याच्याशी आपण नीट बोलतच नाही. यांनी प्रकाशला कधी सांगितलं नाही, त्या अकरा दिवसांत काय वाटलं ते. मला सांगितलं, शालिग्रामभाऊंना सांगितलं, त्याला नाही. त्याला कागदच मिळाला. म्हणून सही करण्याआधी घरी बोला. रडू येईल, येऊ द्या. तरीही कागद करा. कारण तो नसता तर मी यांना आणखी महिनाभर तसंच ठेवलं असतं. माझ्यात सोडायची ताकद नव्हती. ती यांनी लिहून ठेवली होती."

मी सभा संपल्याचं सांगितलं.

नंतर गोदाबाई पुढे आल्या. वय एक्क्याऐंशी, मूलबाळ नाही, जवळचं नातंही कोणी उरलेलं नाही. म्हणाल्या, "सुलभा, मी कोणाचं नाव लिहू? तुझं लिहू का?"

सुलभाताईंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "मला जरा वेळ द्या, मावशी. आत्ता नाही होणार माझ्याच्यानं."

त्याला आता चार महिने झाले. दर गुरुवारी त्या गोदाबाईंच्या घरी जातात, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देतात, तासभर बसतात. गोदाबाईंचा कागद टाइप होऊन तयार आहे. नावाची जागा अजून कोरी आहे, आणि दोघींपैकी कोणीही तो विषय काढत नाही.