एका निरोपाची तीन पत्रं

सत्तरच्या दशकात साताऱ्याच्या एका पाटबंधारे कार्यालयात मी सात वर्षं कारकून होतो, आणि सातही वर्षं तात्पुरता होतो. कालव्याचं काम आहे तोवर तुम्ही आहात, असं नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेलं होतं, पण असलं कोणी मनावर घेत नाही. कालवा पुरा होत आला आणि एका दुपारी आम्हा काही जणांच्या हातात कपातीचे हुकूम पडले. निवृत्त होणाऱ्या माणसाला आमच्याकडे हार, नारळ, फोटो आणि लांबलचक भाषणं असत. आम्हाला नुसता नारळ मिळाला. शेवटच्या दिवशी साहेब कालव्यावर फिरतीला गेले होते. मी किल्ल्या दिल्या, सही केली आणि कोणाच्या नजरेला नजर न देता घरी आलो.

खोली सोडून आम्ही सांगलीला मेव्हण्याकडे आलो. हळदीच्या पेठेमागे त्याचं दोन खणांचं घर, त्यात आम्हा चौघांची भर. मेव्हणा एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जड जात होतं. सांगलीच्या पाटबंधारे कार्यालयात कारकुनाची एक जागा रिकामी असल्याचं कळलं. तिथल्या हेडक्लार्कने सरळ सांगितलं, की कपात झालेल्यांना आधी घ्यायचं असं आहे, पण असे पुष्कळ आहेत. तुमच्या साहेबांच्या सहीच्या दोन ओळी आणा, हा माणूस कामाचा आहे म्हणून. त्या महिनाअखेरपर्यंत यायला हव्यात. माझं वय सरकारी नोकरीच्या मर्यादेपलीकडे गेलेलं, कपातीमुळे मिळालेली सवलत याच वेळेपुरती. ही जागा गेली की सरकारचं दार कायमचं बंद, हे मला आणि बायकोला न बोलता ठाऊक होतं.

सरळ जाऊन शिफारस मागावी, तर माझा ताठा आडवा आला. ज्याने जाताना साधा नमस्कार केला नाही, तो आठवड्याने हात पसरून उभा राहणार? मग युक्ती सुचली. साहेबांना निरोपाचं पत्र लिहायचं, आभार मानायचे, आणि शेवटी सहज आठवल्यासारखी ती विनंती घालायची. पण एकट्या साहेबांना पत्र गेलं, तर कार्यालयात बाकीचे म्हणणार, बघा, याला फक्त साहेब आठवला. म्हणून आणखी दोघांना लिहायचं ठरवलं. एक माझा मित्र, शेजारच्या टेबलाचा कारकून, कायम झालेला. सात वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घातला होता. दुसरा माझ्या हाताखालचा, कडेगावकडचा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. वयाने माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, पण पायरीने खाली. मी आलो की तो उठून उभा राहायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याला आवक टपालाचं टेबल मीच शिकवलं होतं.

एका दुपारी शिवणयंत्राच्या झाकणावर कागद ठेवून बसलो. आधी एकच पत्र लिहिलं, कच्चं. ते चांगलं होतं, आजही मला तसंच वाटतं. त्यात आभार होते, जाताना न भेटल्याची माफी होती, आणि हरवलेल्या मोजमाप पुस्तकाची आठवण होती. ठेकेदाराची सगळी बिलं त्या पुस्तकावर उभी असतात. ते गेलं की चौकशी लागते आणि कारकून गाळात जातो. तसं एक पुस्तक खरोखरच गहाळ झालं होतं. साहेबांनी माझ्या आणि मित्राच्या नावाने ठपक्याचे मेमो लिहून ठेवले आणि स्वतः आजारपणाची रजा टाकली. तिसऱ्या दिवशी माझ्या मित्राने ते पुस्तक कालव्यावरच्या चौकीदाराच्या खोपटात पत्र्याच्या पेटीखालून काढलं. मी बरोबर होतो, बाहेर सायकली धरून.

मग त्या एका पत्राची तीन करायला घेतली. वरच्याला लिहायचं तर आभार पुढे आणि तक्रार गुल. बरोबरीच्याला लिहायचं तर आभार परकेपणाचे वाटतात, तिथे आठवण पुढे. खालच्याला लिहायचं तर स्वतःचं रडगाणं नको, त्याच्या उपयोगाचं काहीतरी हवं. इतकं तर कोणत्याही कारकुनाला कळतं. साहेबांच्या पत्रात लिहिलं, ‘मोजमाप पुस्तक गहाळ झाले, त्या वेळी आपण दाखविलेल्या विश्वासामुळेच मी ते शोधून काढू शकलो.’ कच्च्या कागदावर ‘माझ्या मित्राने’ होतं. पक्क्या पत्रात ‘मी’ झालं. शिफारस एकाच माणसाची होते, असं मी मनाला समजावलं. मित्राला लिहिलं, ‘साहेब तापाचं सोंग घेऊन घरी झोपले आणि पुस्तक तू काढलंस. नाहीतर आपण दोघं तेव्हाच संपलो असतो.’ हवालदाराच्या पत्रात कोणाचंच नाव घेतलं नाही. एकदा पुस्तक हरवलं होतं, पुढे मिळालं, तुम्ही मात्र सही घेतल्याशिवाय पुस्तक कोणाच्या हाती देऊ नका, एवढंच. त्याला ‘तू’ म्हणायला हात धजेना, म्हणून ‘तुम्ही’ लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य आपसूक आलं. ‘शिकवायला मी होतो, पण नेमून दिलेलं काम न कुरकुरता कसं करावं, हे मी तुमच्याकडून शिकलो.’ ते वाक्य मी तोलूनमापून लिहिलं नव्हतं. तेवढं एकच.

तिन्ही पत्रं बायकोला वाचून दाखवली. कौतुक होईल अशी अपेक्षा होती. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, हे तिघे एकाच कचेरीत बसतात ना? मी हसलो. म्हटलं, साहेबांची खोली वेगळी असते, तुला त्यातलं कळायचं नाही.

मग मी अशी चूक केली, जी फक्त कारकूनच करू शकतो. सात वर्षांच्या सवयीने प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ‘विषय : निरोपाबाबत’ असं लिहिलं. पाकिटांवर नावांऐवजी हुद्दे घातले, कार्यकारी अभियंता, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक, आणि खाली कार्यालयाचा पत्ता. कोपऱ्यात ‘खासगी’ घालायचं राहिलं. हुद्द्यावर आलेलं पाकीट हे सरकारचं पाकीट. ते आवक टेबलावर फुटतं, त्यावर शिक्का बसतो, नोंदवहीत क्रमांक पडतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हे मीच शिकवत असे.

दोन आठवडे उत्तर आलं नाही. महिना संपत आला तशी सकाळची एसटी धरून साताऱ्याला गेलो. हवालदार मला बघून ताडकन उठला. चेहऱ्यावर खरा आनंद. पत्रं पोचली का, म्हणून विचारलं.

“पोचली की भाऊसाहेब. तिन्हीबी एकाच टपालात आली. त्याच दिशी वर धाडली.”

वर म्हणजे कुठे, असं विचारायच्या आधीच त्याने कपाटातून फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. तिन्ही पत्रांना भोकं पाडून एका दोरीत ओवलं होतं. पानांना लाल शाईने ओळीने क्रमांक. वर त्याच्या ठसठशीत अक्षरातली टिपणी, ‘एकाच इसमाची एकाच विषयावरील तीन पत्रे प्राप्त. अवलोकनार्थ सादर.’ त्याखाली, टिपणी वर जाण्याआधी करायची असते ती माझ्या मित्राची सही. आणि त्याखाली साहेबांचा शेरा, ‘पाहिले. दप्तरी दाखल करावे.’

“तुमीच शिकवलं व्हतं,” हवालदार म्हणाला. “एक माणूस, एक विषय, एक फाईल. माझं पत्रबी त्यातच लावलं. सरकारी टपाल घरी न्यायचं न्हाई.”

मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तो एका अक्षराने चुकला नव्हता. बरोबर केलंत, असं मी म्हणालो.

साहेबांनी मला आत बोलावलं, बसायलाही सांगितलं. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर निदान पाय धरता आले असते. मी काहीबाही बोलू लागलो, पत्रांचा गैरसमज झाला वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“पुस्तक एका पत्रात तुम्ही शोधलंय, दुसऱ्यात त्यांनी शोधलंय, तिसऱ्यात ते आपोआप मिळालंय,” ते म्हणाले. “यातल्या कोणत्या माणसाची शिफारस करू?”

त्यांनी स्वतःच मेमो लिहून रजा घेतली होती, हे खरं होतं. ते म्हणायला आता माझ्यापाशी तोंड उरलं नव्हतं. त्यांनी पुढचा कागद ओढला, म्हणजे मी जावं.

मित्राने चहाला नेलं. अर्धा कप होईपर्यंत तो पावसापाण्याचं बोलला. पत्रात मी साहेबांना सोंगाड्या ठरवल्याची शिक्षा त्याला झाली का, हे मी भीतभीत विचारलं. साहेबांनी त्याला एकदाच आत बोलावून, असली पत्रं तुम्हाला येतात तर, एवढंच म्हटलं होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

“गड्या, नोकरीसाठी तू माझा गळा कापला असतास तरी मी समजून घेतलं असतं,” तो म्हणाला. “पण मला विचारलं असतंस, तर मीच म्हणालो असतो, लिही तुझं नाव.”

खरंच म्हणाला असता तो. मला लाज वाटली, इतकी की चहाचे पैसे त्याने दिले तेही मी बघत राहिलो. त्यानंतर आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही. कोणत्या तोंडाने आणि कोणत्या मायन्याने लिहिणार होतो?

सांगलीची जागा महिनाअखेरीला भरली. मी पुढे गुळाच्या एका अडत दुकानात बसलो, तो कायमचाच.

साताऱ्याला त्या दिवशी हवालदार स्टँडपर्यंत माझी पिशवी घेऊन आला. मी नको म्हणत होतो, पण तो ऐकेना. सांगलीची गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्याने पिशवी हातात दिली आणि विचारलं, “भाऊसाहेब, ते माझ्याकडनं शिकल्याचं लिवलंय, ते खरं हाय का? का तेबी माझ्यापुरतंच?”

ते खरं आहे, असं मी म्हणालो. शपथही घेतली. तो ताठ उभा राहिला, मान हलवली आणि “व्हय सायेब” म्हणाला. वरच्या माणसाचं म्हणणं पटलं नाही, तरी तो नेहमी तसंच म्हणायचा.