सोळाच्या आधीचे वजा चिन्ह

अर्जदार: शहापूर तहसील कचेरीच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देणारा मी, वय एक्कावन्न. विरुद्ध बाजू: माझी दहावीतील मुलगी, मुक्काम म्हसा गावाजवळ, तिच्या आजोळी. घटनेचा दिवस: गेल्या पौषातला एक सोमवार, दुपार. साक्षीदार: शेजारच्या टेबलावरील टायपिस्ट. नावे मुद्दाम देत नाही. प्रकरण घरचे आहे.

माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले, म्हणजे दहावीला बसलो आणि बीजगणितात राहिलो. तथापि माझा अर्ज भाषेच्या कारणाने कधी परत आलेला नाही, हे तालुका जाणतो. पत्नी मुलीला घेऊन मुरबाडकडे माहेरी गेली त्याला चौथे वर्ष आहे. मुलगी दहावीत गेल्याचे कळले त्याच आठवड्यात मी बीजगणिताचे जुने पुस्तक मिळवले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचू लागलो. कधीतरी ती काही विचारील, एवढीच अपेक्षा होती.

त्या सोमवारी तिने फोनवर एका सरावपत्रिकेचा फोटो पाठवला. झेरॉक्सची झेरॉक्स असलेला, घडी पडलेला कागद. खाली तिचा मजकूर: "बाबा, तिसरं जमतं का बघा. पूर्ण वर्ग करून सोडवायचं आणि विवेचक काढून पडताळायचं."

टायपिस्ट म्हणाले, "काय वकीलसाहेब, आज हायकोर्टाचं काम आलं वाटतं!"

"त्याहून वरचं," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात कोणताही कागद आला की आधी त्याची स्वच्छ नक्कल करायची रीत आहे. झेरॉक्सवरचे ठिपके, रेघा, शाईचे डाग नकलेत येऊ द्यायचे नाहीत. त्या रीतीने मी उदाहरण उतरवले: x² + 6x + 16 = 0. सोळाच्या आधी घडीवर एक आडवी पुसट रेघ होती आणि तिच्यावरून उभा चरा गेला होता. मी ते अधिक चिन्ह धरले आणि उभी रेघ जरा लांब वाटली, तेवढा जादा भाग डाग म्हणून सोडून दिला.

सोळा उजवीकडे नेले, वजा सोळा झाले. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ, तो दोन्ही बाजूंस मिळवला. (x + 3)² = −7. वर्ग ऋण कसा असेल? विवेचक, म्हणजे b² − 4ac, काढला: 36 − 64, म्हणजे −28. शून्याहून कमी. पूर्ण वर्ग आणि विवेचक, या दोन्ही साक्षीदारांचे म्हणणे तंतोतंत जुळले. मी कोऱ्या कागदावर लिहिले, "सबब, या समीकरणास वास्तव मुळे नाहीत," खाली सही केली आणि फोटो पाठवला. दोघांनीही एकाच चुकीच्या नकलेवरून साक्ष दिली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. वर्षभरात पहिला.

"बाबा, सोळाच्या आधी वजा हाय."

"अधिक आहे ते. इतकी वर्षं कागद वाचतोय मी."

"अधिक नाय ओ, उभी रेघ घडीची हाय. ऐका ना. सोळा उजवीकडं गेले तर अधिकच होणार. त्यात नऊ. पंचवीस झाले का? वर्गमूळ पाच, नाहीतर वजा पाच. तीन वजा करा. दोन, आणि वजा आठ."

"आणि विवेचक?"

"छत्तीस अधिक चौसष्ट, शंभर. शून्याहून मोठा, म्हणून मुळं वास्तव आणि वेगवेगळी." ती हसली. "तुमी तर सही पण ठोकली!"

फोनचा आवाज मोठा होता; शेजारी टायपिस्टही हसले. मला ते लागले. मी म्हणालो, "तुला येत होतं तर मला कशाला विचारलंस?"

तिने वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "असंच."

मागून तिच्या आईचा आवाज आला, "काय गो, काय म्हनतात?" मी घाईने म्हणालो, "अस्पष्ट कागदाची जबाबदारी माझ्यावर नाही," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर मी दोन ठेवून पाहिले: चार अधिक बारा वजा सोळा, शून्य. वजा आठ ठेवले: चौसष्ट वजा अठ्ठेचाळीस वजा सोळा, शून्य. तिचे बरोबर होते. "असंच" या शब्दाचा अर्थ मात्र मला पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा उठून गेल्यावर उमगला. तिला उत्तर नको होते, माझ्याशी बोलायला निमित्त हवे होते. तोवर दुसरा फोटो आलाच नव्हता. मी तीनदा मजकूर लिहिला आणि तीनदा, अर्जाचा मसुदा वाटतो म्हणून, खोडला.

म्हणून आता सरळ तिच्या नावे हा अर्जच लिहीत आहे. चूक माझी होती, कागदाची नव्हे. विनंती अशी, की पुढचे कोणतेही उदाहरण, सुटलेले असले तरी, मजकडे पाठवावे. मी त्यावर सही करणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे; मुदत कोणतीही घातलेली नाही.