आईच्या चालीचं वेळापत्रक

मी एकदा माझ्या आईची चाल मोबाइलवर मोजली. तिला न सांगता, तिकीट काढायच्या निमित्ताने कर्जत स्टेशनात नेऊन, बाजारात बैल चालवून बघतात तशी. आई तेव्हा एक्क्याऐंशीची होती आणि मी अठ्ठावन्नची. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईला अक्कल आलेली असते, असा माझा समज होता. आता नातवंडं मला हुशार आजी म्हणतात, आणि मी त्यांचा समज मोडत नाही, एवढंच.

झालं होतं असं. आईची थोरली बहीण कऱ्हाडला. आई तिला अक्का म्हणते, मी मावशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून मावशी खाटेला खिळलेली, आणि कानांनी दगा दिल्यामुळे फोनही संपलेला. आईने वर्षभर एकच धोशा लावला होता, "एकदा अक्काचं तोंड बघून येते." बसमध्ये आईला उलट्या होतात. भाड्याची गाडी आमच्या ऐपतीबाहेर. राहिली रेल्वे. कर्जतहून सकाळी निघून संध्याकाळी कऱ्हाडला पोचवणारी दिवसाची गाडी, बसायचं आरक्षण, मधला दिवस मावशीकडे, तिसऱ्या दिवशी परत. ज्येष्ठांची सवलत करोनात बंद झाली ती झालीच होती, पण बसायच्या डब्याचं तिकीट आम्हाला परवडत होतं.

पेच एकच. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात, म्हणून ती कर्जतला थांबते. माझ्या लहानपणी ती इतकी थांबायची की लोक पाणी भरून, जागेवरून एक भांडण करून, निवांत परत चढत. आता सगळं मिनिटांत उरकतं. आणि आई म्हणजे गुडघ्यांची वाट लागलेली बाई. वीस पावलं झाली की थांबणार. पण दमले असं कबूल करायचं नाही. पदर नीट करायचा, भिंतीवरची पाटी वाचायची, नाहीतर कुणाच्या तरी बाळाला हसवायचं. श्वास जागेवर आला की पुढे.

म्हणून मी परीक्षा घेतली. जिन्यापासून आमचा डबा येतो त्या जागेपर्यंत. आई पुढे, मी मागे, हातात मोबाइल.

"बाय, हातात काय धरलंस?"

"किती वाजले बघतेय."

"घड्याळात आकडे असे पळत्यात व्हय गं?"

मी हसले. शेवटी बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "मग? पास झाले का?"

"काठावर," मी म्हटलं. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला शहाणपणाची उबळ आली. "आई, त्या दिवशी मधे कुठे थांबायचं नाही, हां. तुझ्यामुळे गाडी गेली तर तिकीटही गेलं आणि अक्काही राहिली."

तिने पदर नीट केला. मला वाटलं, पटलं.

घरी येऊन मी कागद केला. गाडीच्या वेळेपासून उलटं मोजत. खोपोलीहून येणारी लोकल केळवलीला कितीला पकडायची, घरून रिक्षा कितीला, आंघोळ कितीला, औषधांची पिशवी, शिदोरी, चादर. स्टेशनात चाकांची खुर्ची मागता येते असं कळलं, तेही लिहिलं. आईने ते तेवढं खोडायला लावलं. "चौघांनी उचलायची येळ येईलच की. आतापासनं कशाला सवय?" कागद फ्रिजवर लावला. आई चष्मा लावून रोज वाचायची. मला वाटायचं, बाईला उत्साह आहे.

निघायच्या दिवशी सगळं कागदावरहुकूम झालं. आम्ही दीड तास आधी फलाटावर होतो. गाडी आली, डबा बरोबर समोर आला, मी खालून लोटलं आणि वरून एका बाईने आईचा हात धरून ओढलं. गाडी सुटली तेव्हा आम्ही खिडकीशी बसलेल्या होतो, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. हात धरणारी बाई समोरच बसली. ती माझ्याच वयाची, नेरळची, घरचं मसाल्याचं दुकान. लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला निघालेली. हिरवट ओढणी डोक्यावर घट्ट. सगळे चाची म्हणतात, तुम्हीही म्हणा, म्हणाली.

घाटात मी चहा घेतला. आई म्हणाली, "नको, जळजळतं." पुण्याला मी पाण्याची बाटली पुढे केली. "आताच प्याले." भाकरीचे दोन घास खाल्ले आणि डबा सरकवला. पुणे सुटल्यावर ऊन तापलं, खिडकीतून झळा यायला लागल्या. आई डोळे मिटून बसलेली. सकाळपासून तिने एकदाही उठायचं नाव काढलं नव्हतं. आणि माझ्या मनात काय आलं, ते आता लिहितानाही कान गरम होतात: आई किती शहाण्यासारखी वागतेय.

लोणंद मागे पडलं तेव्हा आईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, गुरं आली का गं?"

मला वाटलं झोपेत बोलतेय. "आई, मी आहे. आपण गाडीत आहोत."

"कडी लाव मग. अंधार पडला."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी तिचा हात धरला. गार आणि कोरडा. जीभ टाळूला चिकटून शब्द जड येत होते. माझी पाचावर धारण बसली. कागदावर घरून निघण्यापासून मावशीच्या दारापर्यंत सगळं होतं, हे नव्हतं. मी नुसती "आई, आई" करत राहिले, पूर्वीची मी होतेच तशी कामाची.

चाची उठून आईच्या बाजूला बसली. हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, जीभ बघितली. मग मला विचारलं, "ताई, सकाळपासून पाणी किती प्याल्या या?"

मी पिशवीतून आईची बाटली काढली. एक लिटरची. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"मावशी, पाणी का नाय प्याल्या?" चाचीने आईलाच विचारलं.

आईने चाचीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मी तिथे नसल्यासारखं, शेजारणीला गाऱ्हाणं सांगावं तशी म्हणाली, "पाणी प्यालं का मग जावं लागतं. हिच्या कागदात त्याला टाइम नाय ठेवलेला."

"कधीपासून?"

"काल दुपारपासनं."

चाचीने बाटलीचं झाकण उघडलं. औषधांच्या पिशवीत ओआरएसची पुडी होती. यादीत होती म्हणून होती. ती आम्ही त्याच भरल्या बाटलीत ओतली. पण आई तोंड उघडेना. दात घट्ट. पलीकडच्या माणसाने टीसीला आणलं. त्याने वाकून बघितलं आणि फोन लावला. "साताऱ्याला डॉक्टर डब्यात येतील. त्यांनी सांगितलं तर तिथेच उतरवावं लागेल, तयारी ठेवा."

सातारा तासाभरावर. तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही. आणि साताऱ्याला उतरवून दवाखान्यात घातलं की पुढे कऱ्हाड कसलं. माझा भाऊ येऊन थेट घरीच घेऊन जाणार आणि आईला पुन्हा उंबऱ्याबाहेर काढणार नाही, हे मला दिसत होतं. आईलाही दिसलं असावं. टीसी गेल्यावर ती पुटपुटली, "उतरायचं नाय."

"मग प्या," चाची म्हणाली. "हे असलं सुकलेलं तोंड दाखवायला चाललाय का बहिणीला? ती तिथं खाटेवर, तुम्ही इथं. दोघींना कोण बघेल?"

आईने तोंड उघडलं. समोरच्यांनी बाक रिकामा करून दिला, तिला आडवं केलं. बाटलीच्या झाकणाने एकेक घोट. एक घोट, मग थांबायचं, मग पुढचा. पहिले दोन ओठांतून बाहेर आले. मी पुसत होते, चाची पाजत होती, आणि गाडी घाटातल्या वळणांवर अशी डुलत होती की अर्धं झाकण गळ्यावर सांडायचं. वाठार आलं तेव्हा बाटली निम्मी झाली होती. आईने माझ्याकडे बघून विचारलं, "तू जेवलीस का गं?" म्हणजे मी पुन्हा मी झाले होते. मला रडू फुटलं. चाची म्हणाली, "नंतर रडा, झाकण धरा."

मग थोड्या वेळाने आईने माझा दंड दाबला. जायचं होतं.

आमच्या जागा डब्याच्या मध्यावर, आणि वाटेत विनाआरक्षण चढलेली माणसं, पिशव्या, एक सायकलचं चाक. एका बाजूला चाची, एका बाजूला मी. आई बाकांच्या पाठी धरत निघाली. दोन बाक झाले की थांबायची. पण तिथे वाचायला पाटी नव्हती आणि हसवायला बाळही नव्हतं. पहिल्यांदाच ती उघडपणे, सगळ्यांसमोर, धापा टाकत उभी राहिली. लोक पाय आखडून, पिशव्या मांडीवर घेऊन बसले. एक म्हातारा ओरडला, "सावकाश, आजी! आम्हांला कुठं जायचंय?" दार बंद करू दिलं नाही आम्ही तिला, चाची ओढणी आडवी धरून उभी राहिली आणि मी आत आईला धरून. परत जागेवर येईपर्यंत साताऱ्याचं स्टेशन लागलं.

डॉक्टर चढले. नाडी, रक्तदाब, डोळ्यांची खालची पापणी. आईला नाव विचारलं, कुठे चाललात विचारलं. तिने बरोबर सांगितलं. मग मला म्हणाले, "लघवी झाली का?"

"झाली! आत्ताच!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की अख्खा डबा हसला. आईसुद्धा.

रक्तदाब कमी होता, पण जाऊ द्यायला हरकत नाही, म्हणाले. पाणी चालू ठेवा, आणि कऱ्हाडला उतरल्या उतरल्या दवाखान्यात दाखवा.

कऱ्हाडला मावसभाऊ रिक्षा घेऊन उभा होता. चाची मिरजेपर्यंत जाणार होती, खिडकीतून हात हलवत राहिली. दवाखान्यात आईला सलाइन लावलं, आणि दिवेलागणीला आम्ही मावशीच्या खोलीत पोचलो. आईने खाटेच्या कडेला बसून अक्काचं मनगट धरलं. अक्काने तिचं धरलं. मी बॅग उघडली, बंद केली, उगाच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी सुधारायचा चंग बांधला. दर तासाला पेला घेऊन आईपुढे उभी. "आई, पाणी पी. आई, पी बरं." आई एक घोट घ्यायची आणि पेला खाटेखाली सारायची. मावशी उशीवरून सगळं बघत होती. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे दिसतं फार. निघायच्या सकाळी तिने मला बोटाने जवळ बोलावलं, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"हिला पानी पी, पानी पी म्हनू नगंस. दर घडीला 'चल गं, जायाचंय का?' म्हून इचार. मग पानी ती आपसूक पिती."