वजा वीस आणि अधिक एक

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, जळगावच्या कॉलेजात, सरांनी मला प्रोजेक्ट दिला. लेसरचा किरण दोन भिंगांतून नेऊन वीसपट रुंद करायचा, म्हणजे त्याचं फाकणं वीसपट कमी होतं. भिंगांची नाभीय अंतरं मीच निवडायची होती.

हिशेब सोपा वाटला. दुसऱ्या भिंगाचं नाभीय अंतर पहिल्याच्या वीसपट हवं. लॅबमध्ये पाच सेंटिमीटरचं आणि शंभर सेंटिमीटरचं अशी दोन बहिर्वक्र भिंगं होती. पण ती मांडायची त्या दोन अंतरांच्या बेरजेवर, एकशे पाच सेंटिमीटरवर. आणि आमचा ऑप्टिकल बेंच बरोबर एक मीटरचा. दोन बेंच जोडून पाहिले, तर सांध्यापाशी रेषा वाकडी होऊन किरण दुसऱ्या भिंगाच्या मधोमध पडेना.

"पहिलं भिंग अंतर्वक्र घे," सर म्हणाले. "मग बेरीज नाही, वजाबाकी. पंच्याण्णवात बसेल." पण पाच सेंटिमीटरचं अंतर्वक्र भिंग लॅबमध्ये नव्हतंच.

शनिवारी मी धुळ्याला घरी गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आई गेल्यापासून ते घरीही कमीच बोलत. मी काय शिकते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "सेंटिमीटर माले समजत नही. नंबर सांग."

एक मीटरला नाभीय अंतरानं भागलं की चष्म्याचा नंबर येतो, अंतर्वक्राचा वजा. मी म्हटलं, "वजा वीस. आणि एक मीटरचं बहिर्वक्र, म्हणजे अधिक एक. लॅबमधल्यावर ओरखडे पडलेत."

डोळे तपासायच्या भिंगांचा लाकडी डबा त्यांनी पुढ्यात ओढला. "बठ्ठा नंबर आठेच शेतस," ते म्हणाले. सगळे नंबर खरंच तिथेच होते; वजाच्या रांगेत अगदी टोकाला वीस नंबरची जोडी होती. त्यातलं एक काढून त्यांनी उजेडाकडे धरलं. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "एस्टीत हिंदकळत तू नेशील? सोमवारी दुकान बंद असतं. मीच येतो घेऊन."

सोमवारी दुपारी ते खरंच आले. इस्त्रीचा सदरा, आणि खिशात मऊ कापडात गुंडाळलेली दोन भिंगं. लॅबच्या दारात त्यांनी चपला काढल्या. सर म्हणाले, "अहो, असू द्या," पण त्यांनी काही त्या घातल्या नाहीत.

ऊन उतरल्यावर आम्ही खिडकीतून मैदानापलीकडच्या हॉस्टेलच्या भिंतीवर किरण सोडला. दीडशे मीटर तरी असेल. नाना कोरा कागद घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी बजावलं होतं, लेसरकडे तोंड करायचं नाही, किरण डोळ्यात घ्यायचा नाही. भिंगांशिवाय तिथे बशीएवढा फिकट लाल डाग पडला होता. मग मी भिंगं बसवली. अधिक एकच्या भिंगातून किरण निघताना चांगला दोन सेंटिमीटर रुंद दिसत होता, आणि भिंतीवर डाग आधीपेक्षा मोठाच पडला.

"अंतर जरा चुकलंय," सर म्हणाले. "दुसरं भिंग हळूहळू सरकव."

मी कणभर सरकवलं आणि खिडकीतून ओरडले, "नाना, आता लहान की मगाशी?"

तोंडून निघालं आणि माझं मलाच हसू आलं. दुकानात भिंग बदलता बदलता ते गिऱ्हाइकाला अगदी याच सुरात विचारत, आता बरं की मगाशी? तिकडून आवाज आला, "मगाशी!" त्या आवाजातही हसू होतं.

मी उलटीकडे सरकवलं. "आता?"

"आता लहान. अजून. अजून. थांब, थांब बेटा!"

बेटा. किती वर्षांनी.

मी पळत मैदान ओलांडलं. कागदावर रुपयाच्या नाण्याएवढा लखलखीत लाल डाग होता. नानांनी कागद बाजूला घेऊन किरणासमोर स्वतःचा तळवा धरला. "आधी फाकवलास," ते म्हणाले, "आणि आता फाकतच नाही?"

"फाकतो, पण खूप कमी. किरण निघतानाच जितका रुंद, तितका पुढे कमी पसरतो."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळेना, पण हात काही ते काढेनात.

भिंगं तोंडी परीक्षेपर्यंत माझ्याकडेच ठेवायला ते राजी झाले. स्टँडवर धुळ्याची गाडी लागेपर्यंत आम्ही चहा घेत बसलो.

"धुळ्यापर्यंत गेला असता का गं तो?"

"जमीन सपाट असती आणि मधे काही आडवं आलं नसतं तर. तुमच्या दुकानासमोर पोचेपर्यंत चार-पाच मीटरांचा झाला असता."

"आणि माझी भिंगं नसती तर?"

"अख्ख्या गल्लीएवढा."

ते मनापासून हसले. मग बशीत उरलेला चहा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुझ्या आईला हे फार आवडलं असतं." आई गेल्यानंतर तिचा विषय त्यांनी आपणहून काढला तो तेव्हाच. मग गाडी वाटेतलं एरंडोल सोडून पारोळ्याला किती वाजता पोचते, हे ते कंडक्टरला विचारायला उठले.