शिट्टीनंतरच्या टाळ्या

तोंग्योंगच्या बंदरावर कालवं सोलणारी बोकरे एक गाणं शोधत होती. त्यातला एकही शब्द तिला ठाऊक नव्हता. आधी चढत जाऊन मग घसरणारी शिट्टी आणि तिच्यामागून दोन टाळ्या, एवढंच डोक्यात होतं. तिच्या लहानपणी घर सोडून गेलेल्या आईची तेवढीच आठवण तिच्यापाशी होती.

थोरली बहीण गमसुन पैसे घेऊन गाण्यासाठी खोल्या भाड्याने द्यायची. तिथल्या गाणी वाजवणाऱ्या यंत्रात गाणं नावाने नाहीतर पहिल्या ओळीने मिळे.

"शिट्टीची पहिली ओळ काय लिहू, ताई?"

"शोध की. सापडलं की मला सांग," गमसुन हसून म्हणाली.

फोन वाजणारी रेकॉर्ड ऐकून गाणं ओळखे, पण वाजवायला रेकॉर्ड हवी ना. फोनवर गुणगुणून शोधायचीही सोय होती. तिथे तिने शिट्टी आणि टाळ्या दोन्ही ऐकवल्या, तर भलतीच गाणी आली. कामावरच्या बायका म्हणायच्या, "आता शिट्टी मारून कालवं उघडणार वाटतं!"

शेवटी ती जुन्या रेकॉर्ड वाजवणाऱ्या प्यो काकांच्या बारमध्ये गेली.

"टाळ्या बाजूला ठेव," ते म्हणाले. "टाळीला सूर नसतो, यंत्र गोंधळतं. नुसती शिट्टी घाल, सावकाश."

तिने घातली. मग त्यांनी बोटांनी टेबलावर ठेका धरला. "आता टाळ्या दे. बघ, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतायत. म्हणजे आमच्या पिढीच्या जुन्या ठेक्यातलं नाही हे. आमच्यानंतरच्या गिटारवाल्या पोरांचं आहे."

त्या पोरांच्या काळातल्या रेकॉर्ड काढून ते नुसती सुरुवात आणि कडव्यांमधली जागा ऐकवत गेले, कारण शिट्टी तिथेच असते. एका रेकॉर्डची मागची बाजू लावली आणि बोकरेच्या हातून आपोआप टाळ्या पडल्या. नाव होतं 'निळा जिना'. नावात शिट्टी नाही की टाळी नाही; सापडणार कसं?

ती धावत बहिणीकडे गेली. "ताई, सापडलं! आई हेच वाजवायची!"

गमसुन गल्ल्यामागून उठलीही नाही. "आई नाही. खालच्या गल्लीतला एक माणूस वाजवायचा. शिट्टी तो घाली, आणि घरात बाबा नसले की आई गॅलरीतून टाळ्या वाजवी. म्हणजे 'वर ये' अशी खूण."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या संध्याकाळी बाबा आत झोपले होते. खालून शिट्टी आली. आई गप्प बसली. टाळ्या तू वाजवल्यास. तो वर आला, बाबा उठले. बाबांनी आईला केसांना धरून जिन्यावरून ओढत नेलं, आणि तू टाळ्या वाजवतच होतीस. तुला वाटलं खेळ चाललाय."

बोकरे दारातच उभी होती. "मग मला इतकं शोधायला का लावलंस?"

"त्या रात्रीच आई घर सोडून गेली. तेव्हापासून तुला मी वाढवलं. शाळा सोडून. तू मात्र आयुष्यभर आईचं गाणं, आईचं गाणं करत राहिलीस. म्हटलं, सापडू दे एकदाचं."

आत कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, माइकवर खिदळणं ऐकू येत होतं.

"दार अडवू नकोस," गमसुन म्हणाली. "गिऱ्हाईक यायचंय."