परक्या उंबऱ्यावरचं हळदकुंकू

घराचा मालक मस्कतला होता. म्हणजे तसं तो सांगायचा. घर मात्र बेळगावात, वडगावच्या बाजूला, तळमजल्यावर, पुढं तुळस, आत दोन खोल्या. मोबाइलवर फोटो बघून आई हरखून गेली आणि मी भाड्याचा आकडा दोनदा वाचला, कारण आसपासच्या घरांच्या मानानं भाडं फारच कमी होतं. फुकटचं आणि पौष्टिक असं जगात काही नसतं, हे माझं ठाम मत. त्यावरून घरात मला खडूस म्हणतात.

पण घर हवंच होतं. आईचं डायलिसिस बेळगावात, आठवड्यातून दोनदा. निपाणीहून बसनं जायचं, सुई टोचून घ्यायची, परत बसनं यायचं. परतीच्या वाटेवर तिच्यात त्राण उरायचं नाही. माझं शिवणकाम कुठंही चाललं असतं. म्हणून मी घर शोधत होते आणि घर सापडत नाही म्हणून चिडत होते.

हा फोनवरचा मालक आईला आक्का म्हणायचा. निपाणीच्याच तंबाखूवाल्या घरातला आहे म्हणाला. बोलणंही अगदी आमच्यासारखं, "व्हय आक्का, न्हाय आक्का". रोज फोन करून तिला जेवलीस का विचारायचा. त्याच्याही आईला किडनीचं होतं म्हणे. एवढ्यावर आईनं त्याला घरचाच धरला. सीमेवर आमचं हे असंच. कानडी मुलखात कुणी आपल्या बोलीत बोललं की आम्ही अर्धं घर उघडून देतो.

ॲडव्हान्स आजच पाठवा, दुसरे तीन जण तयार आहेत, किल्ली कुरिअरनं येईल, असा त्याचा तगादा सुरू झाला. पैसे पाठवायच्या आधी मी ॲपमध्ये त्याचा नंबर टाकून बघितला, तर पडद्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. ते मॅनेजरचं खातं, तो म्हणाला. व्हिडिओ कॉल कर म्हटलं, तर तिकडं नेट चालत नाही. मग घर डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून मीही एक युक्ती काढली. आमच्यात आधी उंबरा पुजतात, आई त्याशिवाय पैसे देऊ देणार नाही, असं सांगून टाकलं.  तर तो म्हणाला, बाहेरून पुजा, आत जुन्या भाडेकरूचं सामान आहे.

पत्ता तर दिला. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी आम्ही दवाखान्याआधी तिकडं गेलो.

घर खरंच होतं. तुळससुद्धा होती. दाराला कुलूप. आईनं पिशवीतून हळदकुंकू काढलं आणि मी अडवायच्या आत उंबऱ्यावर दोन बोटं टेकवली. त्याबरोबर शेजारची बाई कानडीत ओरडत धावून आली. बंद घराच्या उंबऱ्यावर कुंकू घालणाऱ्या दोन अनोळखी बायका! तिला वाटलं, आम्ही करणी करतोय. माझ्या मोडक्या कानडीत मी समजावत होते, तोवर गल्ली गोळा झाली. मी मोबाइलवरची जाहिरात तिच्यापुढं धरली. तिनं फोटो बघितले, मान हलवली आणि तिथूनच खऱ्या मालकाला व्हिडिओ कॉल लावला.

गंमत म्हणजे मालक खरोखरच परदेशात होता. आवाज वेगळा, माणूस वेगळा, आणि तो आमच्यावरच संशय घेऊन विचारत होता, तुम्ही कोण, माझ्या दारात काय करताय. हे फोटो त्यानं दोन वर्षांपूर्वी घर भाड्यानं द्यायचं होतं तेव्हा टाकले होते. कुणीतरी ते उचलले होते. मधल्या काळात त्याचा विचार बदलला होता. घराची किल्ली आणि लाइट बिल याच शेजारणीकडं, बिलावर त्याचंच नाव. ते बघून माझी खात्री पटली. आता भाड्यानं देणार का, मी लाज सोडून विचारलं. नाही, मुलगा परत येतोय, म्हणाला.

शेजारणीनं ओल्या फडक्यानं उंबरा पुसून काढला. आई तेवढा वेळ बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला त्या फोनवाल्याचा गळा दाबावासा वाटला. दवाखान्यात ती सुई लावून पडली असताना मी बाहेरच्या बाकावर बसून जाहिरातीखाली तक्रार टाकली आणि सायबर पोलिसांच्या साइटवर त्याचा नंबर, चॅट, खात्यावरचं नाव सगळं चढवलं. 

परतीच्या बसमध्ये त्याचा फोन आला. मी कापणार, तर आईनं हात पुढं केला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असणार.

"आधी दार उघडून दाखीव," आई म्हणाली, "मग जेवलीस का इचार."

फोन तिनं माझ्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "लई गोड बोलायचा गं." मग खिडकीला डोकं टेकलं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि निपाणी अजून लांब होती. चार दिवसांनी पुन्हा हीच बस धरायची होती.